फॉर्मातली नणंद

काकूंनी मदतीची पोस्ट लिहिली ती ब्लाउजच्या मापासारखी, सूतभरही इकडेतिकडे नाही. नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची. अंदाजे खर्च चार लाख ऐंशी हजार. ऑपरेशन सोमवारी, निम्मी रक्कम शनिवारपर्यंत. हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक जोडलं, त्यावरचा घरचा पत्ता झाकला. पैसे काकूंच्या हाती येणारच नव्हते. निधी जमवणारी संस्था ते थेट हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरणार होती. खाली त्यांनी लिहिलं, ‘कुणी दुसरा क्यूआर कोड पाठवला तर एक रुपयाही देऊ नका. आधी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर फोन करून खात्री करा.’

संस्थेच्या फॉर्मात सगळं भरलं आणि घोडं एका चौकटीत अडलं. रुग्णाला ओळखणारा दुसरा नातेवाईक, नाव आणि नंबर.

मूलबाळ नाही. दीर गेला, माहेर कधीच तुटलं. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण गिऱ्हाईक म्हणजे काही नातेवाईक नव्हे. मग काकूंनी कपाटातला जुना फोन चार्ज केला, त्याचा नंबर घातला आणि शेजारी लिहिलं, नणंद. नवऱ्याला बहीण नव्हतीच.

त्या नंबरवर संस्थेच्या पडताळणीवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा काकू आवाज जाड करून बोलल्या. भाऊ माझाच, आजार खरा, वहिनी साधी आहे, असं सगळं सांगून झालं. पण याच बाई आदल्या दिवशी काकूंशी बोलल्या होत्या.

“काकू, हा तुमचाच आवाज आहे.”

खोटं एवढं एकच होतं, आणि तेच नेमकं सापडलं. आता उरलेलं खरं कोण मानणार?

“दुसरं कुणीच नाही हो मला,” त्या म्हणाल्या. त्यांना रडू आलं.

बाईंनी खोटी माहिती चालणार नाही असं ठणकावलं आणि पोस्ट रोखून धरली. पण त्यांनी हॉस्पिटलच्या समाजसेविकेला गाठलं. ती खाटेपाशी गेली, ओळखपत्र पाहिलं, अंदाजपत्रक बिलिंगशी ताडून घेतलं आणि स्वतःची सही दिली. नणंद खोडली गेली. गुरुवारी पोस्ट लागली, शनिवारी दुपारी निम्मी रक्कम हॉस्पिटलात जमा झाली.

सोमवारी नवऱ्याला आत नेलं. दाराबाहेरच्या बाकावर काकू एकट्याच होत्या. इतरांभोवती चार-चार माणसं, डबे, कुजबूज. काकूंना नवऱ्याच्या चपलांची पिशवी कुठे ठेवावी तेही सुचेना.

दुपारी पिशवीत जुना फोन वाजला. तो नंबर जगात एकाच माणसाकडे होता.

“नणंदबाई आहेत का?” पडताळणीवाल्या बाईंनी विचारलं. “तुमच्या वहिनीनं काही खाल्लं का, एवढंच विचारायचं होतं.”

काकूंनी डोळे पुसले आणि आवाज जाड केला.

“नाही हो. सकाळपासून उपाशी बसलीय वेडी.”