बाराच्या आधीची रेघ

बायको गेल्यानंतर मिस्त्रीने वरच्या खोलीची चादर बदलू दिली, खिडकी उघडू दिली, औषधांच्या बाटल्याही नेऊ दिल्या. फक्त पलंगाच्या पायाला बांधलेल्या डबीला कुणाला हात लावू दिला नाही.

डबी त्याच्या मुलीने केली होती. मिस्त्रीचं दुकान खाली रस्त्याच्या बाजूला, त्यामागे स्वयंपाकघर, आणि अरुंद जिना चढून वर ही एकच खोली. दुकानात पंखे, मिक्सर, अँप्लिफायर दुरुस्तीला येत. मुलगी डिप्लोमा करून बापाच्या समोरच्या टेबलाशी बसायला लागली होती. आईचं उजवं अंग गेलं, ती पलंगाला खिळली, तेव्हा दोघांना प्रश्न पडला की खाली काम करताना वर लक्ष कसं ठेवायचं. आईला हाक मारायचा कंटाळा. कंटाळा कसला, संकोचच. मग मुलीने सेन्सर बसवला. अर्ध्या चेंडूसारखी पांढरी टोपी असलेला तो छोटासा बोर्ड, उबदार अंग हललं की ओळखणारा. डबी पलंगाच्या कडेशी अशी लावली, की आईने पाय खाली सोडला की दुकानात घंटा वाजावी. भिंतीवरून, जिन्याच्या कडेने लाल, पिवळी आणि काळी अशा तीन वायरी खाली आणल्या. घंटा वाजली की जो मोकळा असेल तो जिना चढायचा.

कित्येक महिने ती घंटा वाजत आली. ज्या दिवशी आई उठायला गेली आणि पडली, त्या दिवशी वाजली नाही. दोघं तिचं जेवण घेऊन वर आली तेव्हा आई फरशीवर होती आणि काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, आल्या दिवशी चार माणसांसमोर बोलून गेली, "पोरीच्या खेळण्यावर माणूस सोपवलं तुम्ही." तेव्हापासून मुलीने सोल्डरिंगला हात लावला नव्हता. दुकान उघडलं तशी ती आपल्या जागेवर येऊन बसायची. समोर कुणाचा तरी मिक्सर उघडा पडलेला असायचा आणि तिचे हात मांडीवर. जेवायला बसली की ताटात बोट फिरवून उठायची. मावशी राहायला थांबली होती. तिला आता आपला शब्द परत घ्यावासा वाटत होता, पण तो कुठून घ्यायचा ते कळत नव्हतं.

मिस्त्रीचा धंद्यातला एक नियम होता. बंद पडलेलं सर्किट आधी मोजायचं, मग त्याला हात लावायचा. वायर उगाच हलवली की सुटलेला जोड कधी आपोआप टेकतो, यंत्र चालू होतं आणि दोष लपून बसतो. म्हणून डबी तशीच राहिली होती. खरं सांगायचं तर नियम हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं म्हणजे भीती. जोड मुलीचे होते. एखादा कच्चा निघाला तर तिला काय सांगायचं?

पण न कळण्याने पोरगी वाळत चालली होती. एका दुपारी त्याने खणातून मल्टिमीटर काढला. बायको त्या मीटरला आपली सवत म्हणायची. मला ताप आला तरी हे थर्मामीटर नाही आणायचे, मीटरच लावतील, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"चल," तो मुलीला म्हणाला.

"तुम्हीच बघा, बाबा. जे निघेल ते सांगा."

"माझ्या डोळ्यांना आता पिना दिसत नाहीत. ये."

हे खोटं होतं, चष्मा लावला की त्याला चांगलं दिसायचं. ते तिलाही माहीत होतं. तरी ती उठली.

सुरुवात दुकानातूनच केली. भिंतीवरच्या अडॅप्टरमधून घंटेच्या डब्यात येणारा दाब आधी मोजला. बारा व्होल्ट, काटेकोर. म्हणजे खालून वीज निघत होती. मग अडॅप्टर काढून ठेवला, कारण वायर अखंड आहे का हे पाहताना तिच्यात वीज असून चालत नाही. मीटरचा खटका शिट्टीवर फिरवला, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून शिट्टी वाजते याची खात्री केली. एका टोकाला लांब वायर चिमट्याने जोडली, मीटर घेऊन मिस्त्री जिना चढला आणि वायरीचं दुसरं टोक धरून मुलगी खाली राहिली.

वर पलंगाशी बसून मिस्त्रीने डबीचं नुसतं दाबून बसवलेलं झाकण अलगद बाजूला केलं. आत तीन वायरींचा काळा प्लग बोर्डाच्या तीन पिनांवर बसलेला होता. तो त्याने काढला नाही. प्लगला कडेने बारीक खिडक्या असतात, त्यांतून आतला धातू दिसतो. खालून मुलीने लांब वायरीचं टोक लालवर धरलं, वर त्याने लालच्या खिडकीत मीटरचं टोक टेकवलं. शिट्टी वाजली. पिवळ्याला वाजली. काळ्यालाही वाजली.

"तिन्ही धड आहेत," तो जिन्यातून खाली बोलला. "तुझा एकही जोड सुटलेला नाही."

 खालून अडॅप्टर लावल्याचा आवाज आला आणि ती वर आली. मावशी दाराशी येऊन उभी राहिली होती. ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

आता पिनांवरचा दाब. बोर्डावर पिनांची नावं छापलेली होती. एका कडेला प्लस, मधे घंटेकडे जाणारा सिग्नल, दुसऱ्या कडेला मायनस. मिस्त्रीने लाल टोक प्लसच्या पिनेवर, काळं मायनसच्या पिनेवर ठेवलं. मीटरवर बारा आले, आणि त्यांच्या आधी एक आडवी रेघ.

दोघांनाही ती दिसली. ती मायनसची खूण होती. जिथे प्लस हवा तिथे मायनस पोचत होता.

मुलगी म्हणाली, मीटरची टोकंच उलटी खोचली असतील. त्याने टेबलावरच्या घड्याळातला सेल काढून मोजला, रेघ नाही. पुन्हा पिना मोजल्या, रेघ होती.

"म्हणजे मीच उलटं जोडलं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जणू हे तिला आधीपासून ठाऊक होतं आणि आता फक्त शिक्का बसला.

"उलटं जोडलं असतंस तर पहिल्याच दिवशी घंटा वाजली नसती. उलट्या विजेवर हा सेन्सर जळत नाही, पण एक क्षण चालतही नाही. किती महिने वाजली ती?"

"मग?"

"मग नंतर कुणीतरी प्लग काढून उलटा लावलाय."

प्लग दोन्ही बाजूंनी बसत होता. म्हणूनच त्यांच्या दुकानात अशा प्रत्येक प्लगच्या प्लस बाजूला खूण करायची पद्धत होती. नेलपॉलिशचा थेंब, बायकोच्या जुन्या लाल बाटलीतला. बोर्डावर प्लसशी तो थेंब होताच. मुलीने विजेरी धरली. प्लगवरची खूण बोर्डावरच्या खुणेपासून पलीकडच्या टोकाला होती.

 दिवसभर डबीपर्यंत हात पोचेल असं माणूस एकच होतं, पलंगावरची आई.

मावशीने पदर तोंडाशी नेला. मग तिने सगळं सांगितलं, थांबत थांबत. बहीण फोनवर तिला म्हणायची, की झोपेत जरा पाय सरकला तरी घंटा होते आणि पोरगी हातातलं काम टाकून जिना चढते. भाऊजींचं जेवण अर्धवट राहतं. म्हणून दुपारी ती डाव्या हाताने प्लग काढून ठेवते आणि ही दोघं वर यायच्या सुमारास परत लावते. दिसत नाही जवळचं, पण अंगठ्याला थेंब लागतो ना, त्या बाजूने लावते. मावशी तिला रागावली होती. पण बहिणीने शपथ घातली होती, सांगशील तर बोलणार नाही.

"मला ठाऊक होतं," मावशी म्हणाली, "आणि मीच पोरीला बोलले."

मुलगी तिच्याकडे पाहत राहिली. राग यायला हवा होता. बहुधा त्यालाही बळ लागतं.

मिस्त्री मात्र प्लगकडे पाहत होता. त्याने चष्मा नीट केला, अंगठा पुढे नेला आणि खुणेवरून फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. बायको पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी प्लग सैल झालाय म्हणून त्याने नवा लावला होता, घंटा वाजवूनही पाहिली होती. हल्ली माल हलका येतो असं पुटपुटलाही होता. तो रोज काढून घालून सैल झाला असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. नेलपॉलिशची बाटली तेव्हा वाळून खडखडीत झाली होती. त्याने मार्करने लाल ठिपका काढला होता. ठिपका डोळ्यांना दिसत होता. अंगठ्याला नाही.

त्याला गप्प राहता आलं असतं. मुलगी सुटली होती, मावशीही मोकळी झाली होती. पण मुलगी त्याच्याच हाताखाली शिकलेली; त्याचा अंगठा कुठे थांबला ते तिने पाहिलं होतं.

"हा प्लग मी बदलला," तो म्हणाला.

 ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली, त्याच्या हातातून मीटर घेतला आणि बंद केला.

"ती हाताने चाचपून लावते हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं, बाबा?"

"कुणी नाही."

"मलाही नाही."

मावशी उठली. चहा टाकते म्हणाली आणि गुडघ्यांवर हात ठेवत जिना उतरून गेली.

मिस्त्रीला एक गोष्ट मोजायची राहिली होती आणि तिला मीटर चालत नव्हता. बायकोने तो प्लग परत कधी लावला? दोघं जेवण घेऊन येतील, त्यांना कळू नये म्हणून नेहमीसारखा लावला आणि मग उठायला गेली? की बरं वाटेना, बोलवावंसं वाटलं, म्हणून घाईघाईने लावला, पाय खाली सोडला आणि खालून कुणी येण्याची वाट पाहिली? पिनांवर दोन्हींची खूण एकच होती. त्याने मुलीला यातलं काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, तीही तिथेच पोचली आहे.

"लावू का सुलटा?" तिने विचारलं.

"लाव."

तिने प्लग काढला, फिरवला, बसवला. त्याने पिना मोजल्या. बारा, रेघ नव्हती. वीज मिळाल्यावर सेन्सरला भानावर यायला मिनिटभर लागतं, तेवढा वेळ त्याच्यासमोर हलायचं नसतं. दोघं पलंगाच्या मागच्या बाजूला, भिंतीशी पाठ लावून बसून राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. खिडकीतून आलेलं ऊन रिकाम्या उशीच्या अर्ध्यावर थांबलं होतं.

मग मुलगी उठली, आई बसायची तिथे पलंगाच्या कडेवर बसली आणि एक पाय फरशीवर सोडला.

खाली दुकानात घंटा वाजली.

तिने पाय वर घेतला नाही, मिस्त्रीनेही तिला घे म्हटलं नाही. घंटा वाजत राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं, आणि जिन्यावर पावलं ऐकू आली, दुखऱ्या गुडघ्यांची, तरी घाईची.

"आले, आले गं," मावशी जिन्यातूनच म्हणत होती.

ती दारात आली. धापा टाकत तिने पलंगाकडे पाहिलं, तिथे बसलेल्या भाचीकडे पाहिलं, आणि चौकटीला धरून उभी राहिली.