वाकलेल्या गुडघ्याची ताकद

निवड चाचणी परवावर आली होती आणि नाकतोडी फिजिओताईच्या खोलीत टेबलावर पाय पसरून बसली होती. काटकुळ्या, लांबलचक पायांमुळे क्लबात तिला हे नाव चिकटलं होतं, आणि लांब उडीत ती ते सार्थही करत होती. डाव्या पायावर झेप घ्यायची. दोन महिन्यांपूर्वी धावता धावता त्याच पायाची पोटरी फाटली. मागून कुणी काठी हाणली असं वाटून तिने वळून पाहिलं होतं, आणि मागे कुणीच नव्हतं.

"सर म्हणतात मी फिट आहे," ती म्हणाली. "पोटरीच्या मशीनवर माझ्याएवढं वजन कुणी उचलत नाही. विचार कुणालाही."

"उचलत असशील. आता उभी राहा. फक्त डाव्या पायावर. भिंतीला बोटं टेकव आणि टाच उचल."

सुरुवातीला टाच झोकात वर गेली. मग अर्ध्यावरच अडू लागली.

"गुडघा वाकवू नकोस."

"कुठे वाकवतेय?"

"खाली बघ."

नाकतोडीने पाहिलं. गुडघा तिला न विचारता वाकला होता. तिने तो ताणून सरळ केला, तशी टाच जमिनीवरून हलेना, आणि पोटरीत वर, फुगीर भागात, ओळखीची कळ आली.

"मशीन कुठलं? बसून करायचं?" ताईने विचारलं.

"हो. उभं राहून दुखायचं, म्हणून सरांनी बदलून दिलं. बसून अजिबात दुखत नाही."

"मी उभं राहूनच करायला सांगितलं होतं. आधी दोन पायांवर, मग एकावर." ताईचा आवाज चढला नाही, पण हातातला टॉवेल तिने खुर्चीवर भिरकावला. "बस इथे. पाय खाली सोड. पोटरीच्या वरच्या फुगीर भागावर हात ठेव आणि चवड्याने जमीन दाब."

नाकतोडीने दाबली. हाताखाली मांस बरंचसं मऊच राहिलं. घट्टपणा लागला तो खाली, कडेला.

"आता उभी राहा, गुडघा सरळ, दोन्ही टाचा उचल."

या वेळी फुगीर भाग टणक झाला, आणि दुखलाही.

"पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत," ताई म्हणाली. "दोघंही टाचेच्या एकाच शिरेला जोडलेले. आतला गुडघ्याच्या खालून निघतो, त्यामुळे गुडघा वाकला काय, सरळ राहिला काय, त्याला फरक पडत नाही. त्याच्यावरचा, फुगीर स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला जोडलेला आहे. गुडघा वाकला की त्याची दोन टोकं जवळ येतात, तो सैल पडतो. सैल दोरी काय ओढणार? बसून केलंस तेव्हा सगळा भार आतल्याने घेतला. तो मस्त झालाय. फाटला होता वरचा."

"म्हणजे दुखत नव्हतं ते..."

"त्याला फारसं काम नव्हतं म्हणून. आणि झेप घेताना गुडघा सरळ होतो."

दार ढकलून सर आत आले. ते क्लबाचे प्रशिक्षक आणि ताईचे सख्खे थोरले भाऊ. "काय छोटे, झालं का तुझं? आमच्या वाघिणीला उगाच घाबरवू नकोस."

"दादा, तू माझा व्यायाम बदललास."

"दुखत होतं तिला! मी काय कसाई आहे? पोटरी ती पोटरी. बसून कर नाहीतर उभं राहून कर."

नाकतोडी सरांकडे वळली. सहा आठवडे. रोज त्या पॅडखाली मांड्या दाबून, दात-ओठ खाऊन, वजनाची आणखी एक चकती, आणखी एक चकती. सर टाळ्या वाजवायचे.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"अगं, इतकं बारीक कोण बघतं?"

"ती बघते! या भिंतीपलीकडे बसते, तुमची बहीण आहे! दार वाजवून विचारायला हात झिजले असते तुमचे?"

"आवाज खाली," सर म्हणाले. मग नरमाईने, "हे बघ, घट्ट पट्टी बांधू. एकच उडी चांगली मार, बाकीच्या सोड. ही संधी गेली तर वर्ष जाईल."

नाकतोडीने ताईकडे पाहिलं.

"पट्टी स्नायूला ताकद देत नाही," ताई म्हणाली. "पुन्हा फाटेलच असं मी म्हणत नाही. पण मी तुला पाठवणार नाही."

वर्ष. नाकतोडीला वाटलं, ते मशीन उचलून खिडकीबाहेर फेकावं. आणि आपल्यालाही दोन थोबाडीत माराव्यात. दुखत नाही म्हटल्यावर तिने स्वतः तरी कुठे विचारलं होतं?

"मी उतरणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच जाऊन सांगा तिथे. कारणासकट सांगा, सर. मला ताप आला, पोट बिघडलं, असलं काही नको."

"लोक हसतील मला."

"हसू देत."

सर दार आपटून निघून गेले. ताईने त्यांना हाक मारली नाही.

नाकतोडी भिंतीकडे वळली आणि दोन्ही गुडघे ताठ केले. टाचा सावकाश उचलल्या. डावीकडे कळ होती, सोसवेल एवढी.

"वाढली तर थांब," ताई म्हणाली.

"कळतंय मला," ती खेकसली, आणि टाचा पुन्हा उचलल्या.