रविवारची चिठ्ठी

शहागंजातल्या औषधाच्या दुकानात बद्रीनाथ फार्मासिस्ट होता. रविवारी दुपारी बानाबाई पाचोडहून आली आणि घडी पडलेली चिठ्ठी तिनं काउंटरवर ठेवली.

"भाऊ, ह्याच गोळ्या दे. लवकर दे."

चिठ्ठी तिच्या नवऱ्याची, सोनाजीची. मेंढरांमागं उभं आयुष्य चाललेला माणूस, आता गालाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळला होता. गोळ्या ट्रॅमाडॉलच्या, कडक वेदनाशामक. पण चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आधीच बसलेला होता. गोळ्या याच दुकानातून गेल्या होत्या. पुन्हा द्याव्यात असं डॉक्टरांनी कुठंही लिहिलेलं नव्हतं.

"मावशी, या गोळ्या अजून पुरायला हव्या होत्या."

"दुखणं वाढलं. एकीच्या जागी दोन दिल्या. संपल्या. काय करू, त्याचं ओरडणं ऐकवत नाय."

बद्रीनाथनं चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

"या औषधाची वेगळी वही असते. डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहावं लागतं. एका चिठ्ठीवर एकदाच देता येतं. आणि जास्त झाल्या तर त्यांचा श्वास अडकेल, मावशी. नवी चिठ्ठी आणा. घाटीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असतील."

"तिथूनच आले. ते म्हणतात, पेशंट दाखवा. कूस बदलली तरी किंचाळतो तो. जीपमधी कसा घालू?"

शेल्फकडं बोट करून ती म्हणाली, "तिथंच हायेत ना गोळ्या?"

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला. "आहेत."

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं तापाच्या साध्या गोळ्या दिल्या आणि त्या कशा द्यायच्या ते दोनदा सांगितलं. त्या गोळ्यांनी काही होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

सोमवारी ती नवी चिठ्ठी घेऊन आली. सोनाजीचे जुने कागद पाहून त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डोस वाढवून दिला होता. बद्रीनाथनं वही उघडली आणि नाव-पत्ता लिहू लागला.

"रात्र कशी गेली?" त्यानं खाली मान घालूनच विचारलं.

"जावेनं हात धरले, मी पाय धरले. पहाटं मला म्हणला, माझ्या तोंडावर उशी दाब."

बद्रीनाथचा पेन थांबला.

"तुझा दोष नाय," बानाबाई म्हणाली. "डॉक्टरचाबी नाय. मग कुणाचा, ते तरी सांग."

त्यानं चिठ्ठीवर शिक्का मारला, तारीख टाकली आणि गोळ्या पुढं केल्या. तिनं त्या पोलक्यात खोचल्या आणि पाचोडची गाडी चुकू नये म्हणून ती स्टँडकडं धावत सुटली.