अंगठा अल्फियाचा

निलोफरच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. पंधरा वर्षं गाद्या-रजया शिवून, जाड सुई रेटून रेटून तो पार गुळगुळीत झालेला. रेशन दुकानाच्या तोतारामभाऊंनी चार वर्षांपूर्वी एकदा यंत्र तीनदा पुसलं आणि शेवटी हात टेकले. "माय, तुना अंगठा उठत नही. पोरले धाड." तेव्हापासून वरणगावच्या त्या दोन खोल्यांत आता अकरा वर्षांच्या झालेल्या अल्फियाचा अंगठा म्हणजे घरचा शिक्का. रेशनला तोच, आणि नवा फोन घेतला तेव्हा त्यातही तोच. आईचे हात कापसात असले की हाक जायची, "अल्फी, अंगठा लाव गं!"

फोन निलोफरचा, तिच्या कमाईचा. रजयांच्या ऑर्डरी त्यावरच येत. पण रोजचा दीड जीबी डेटा अल्फियाच्या बाहुल्या सजवायच्या खेळात उडायचा आणि गिऱ्हाइकांना फोटो जायचे नाहीत. त्यात मागच्या महिन्यात त्या बाहुल्यांच्या दागिन्यांपायी सहाशे चाळीस रुपये गेले. नवरा हारुन दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. त्यानं निवाडा देऊन टाकला, "आणखी एकदा पैसे गेले तर हा फोन मी घेऊन जाईन. तुम्ही दोघी बटणवाल्यावर बोला." फोन गेला म्हणजे ऑर्डरी गेल्या.

शेजारच्या दिपमालाताई शाळेत शिकवायच्या. त्यांनी खेळाला दिवसाची चाळीस मिनिटं बांधून दिली, खरेदीच्या सेटिंगमध्ये दर वेळी ओळख विचारायला लावली आणि म्हणाल्या, "आता तुमच्या अंगठ्याशिवाय एक रुपया हलायचा नाही, भाभी." निलोफरनं मान डोलावली. आपला अंगठा त्या फोनमध्ये कधी बसलाच नव्हता, हे त्या घडीला तिच्या डोक्यात येईल तर शपथ! उलट खुशीत येऊन तिनं लेकीसाठी जिलबी आणली.

चार दिवस सरले, पण सुखाचे नव्हेत. चाळीस मिनिटं संपली की अल्फिया उंबऱ्यावर नखं खात बसायची. फोन वाजला की मायलेकी दोघी दचकायच्या. निलोफरची सुई दोनदा बोटात घुसली.

पाचव्या दिवशी दुपारी चारला ती एका रजईचा फोटो पाठवायला गेली, तर बँकेचा मेसेज आलेला. दोनशे नव्व्याण्णव रुपये गेले होते.

"माझा फोन उघडायचा नंबर चोरून बघितलास ना? चोरटी कुठली!" निलोफरचा हात उठलाच होता.

अल्फिया भिंतीला चिकटली. "चोरी नाही केली, अम्मी. फोननं अंगठा मागितला, मी दिला. मग ओटीपी आला, तो टाकला. तुझे ओटीपी मीच वाचते ना रोज? अंगठा पण माझाच चालतो सगळीकडे."

निलोफरचा हात तसाच राहिला. लेकीवर संतापावं की स्वतःवर, तेच तिला कळेना. कुलूप आपण लावलं, पण किल्ली चार वर्षांपासून पोरीच्याच मुठीत होती.

हारुन सहाला यायचा. मेसेज पुसून टाकला तर त्याला कळणारही नव्हतं. निलोफर खोलीत येरझाऱ्या घालू लागली. एकदा तर तिनं मेसेजवर बोट दाबूनही धरलं. पण अल्फिया टक लावून बघत होती. आज हे बघितलं तर पोर उद्या काय करेल, या विचारानं निलोफरला स्वतःचीच लाज वाटली. ती फोन घेऊन तडक दिपमालाताईंच्या दारात गेली.

ताईंनी कपाळावर हात मारला. त्यांनी पैसे परत मागायचा अर्ज भरला. मिळतीलच असं नाही, हेही सांगितलं. खरेदीला जोडलेलं बँकेचं कार्ड काढून टाकलं, फोनमधून अल्फियाचा अंगठा पुसला. फोन उघडायचा नवा सहा आकडी नंबर मात्र निलोफरनं पाठ फिरवून स्वतःच टाकला.

हारुन आला, तसं पाणी देण्याआधीच तिनं सांगून टाकलं. "आणखी दोनशे नव्व्याण्णव गेले. पोरीनं दाबलं, पण चूक माझी. फोनमध्ये अंगठा तिचा ठेवला होता मी."

हारुनचा चेहरा तापला. "बोललो होतो मी! आण तो फोन." त्यानं फोन हिसकावला, दोनदा स्क्रीन सरकवला. तो उघडेना, तेव्हा चिडून, रोजच्याच सवयीनं ओरडला, "अल्फी, अंगठा लाव गं!"

अल्फियानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "माझा आता चालत नाही, अब्बू."

फोन पुढे धरलेला हारुनचा हात तिथंच थांबला. तिचा अंगठा रोज आपणही मागत होतो, हे उमगून हळूहळू त्याची मान खाली गेली. मग त्यानं फोन निलोफरच्या हातात दिला.

ती सावकाश एकेक आकडा दाबू लागली. कोणी न सांगताच बापलेकींनी तोंडं भिंतीकडे फिरवली.