खाटेवरच्या माणसाला रामराम

चौकट ठेंगणी आहे हे ज्योतीरामने अंगणातूनच हेरलं होतं. तरी तो ताठ चालत गेला, कपाळ आपटून घेतलं आणि चौकटीलाच हात जोडले.

"रामराम. घरच्यांच्या आधी हिनंच वळख करून घेतली."

आतून बांगड्या वाजल्या. बायका हसल्या की निम्मं काम झालं, असा त्याचा अनुभव होता. थोरल्या भावाने, कोंडाजीने, त्याला भोसरीहून चाकणला आणलं होतं ते एवढ्याचसाठी. कोंडाजीच्या लेकीची, सोजराची, आधीची दोन्ही स्थळं मंडळी मुकी बसल्यानेच फिसकटली होती, असं कोंडाजीचं ठाम मत होतं. आणि हा मुलगा, उद्धव, पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कायम झालेला. असं स्थळ पुन्हा दारात येणार नव्हतं. आज फक्त घर बघायचं आणि सुपारी फोडायची.

ज्योतीरामची रीत ठरलेली होती. पहिली थट्टा स्वतःची. दुसरी आपल्या माणसाची, म्हणून घोंगडीवर बसता बसता तो म्हणाला, "दादाला च्या कमीच द्या. घोरायला लागला की येष्टीचा डायवरबी गाडी थांबवून बघतो." मुलाचे चुलते रंगराव मिशीत हसले. तिसरी थट्टा समोरच्यांची, ती मात्र घरातल्या सगळ्यांत वडील माणसाशीच करायची, कारण त्यात मान असतो. व्यंग, मूलबाळ, जमीनजुमला यांना तो कधी शिवत नसे.

वडील माणूस त्याने शोधला. सोप्याच्या कोपऱ्यात, उजेड पोचत नव्हता तिथे, खाटेवर एक पांढऱ्या दाढीचा माणूस बसला होता. त्याची ओळख कुणी करून दिली नव्हती, आणि इथेच ज्योतीराम चुकला. आधी नाव-नातं विचारायचं, मगच तोंड उघडायचं, हा त्याचाच नियम होता. पण हशाची चटक वाईट.

"रामराम, बाबा. अजून हाय व्हय? यमाचा रेडा वाट चुकला जणू."

म्हाताऱ्यांना ही थट्टा आवडते. खेडोपाडी ती आयुष्य चिंतायचीच एक तऱ्हा आहे. पण बांगड्या वाजल्या नाहीत. रंगरावांची मान खाली गेली. उद्धव हातातल्या पितळी तांब्याकडे बघत राहिला. खाटेवरचा माणूस तेवढा हसला. नीट, पोटातून, खूप दिवसांनी कुणी हाक मारावी तसा हसला.

"कुनाला म्हनालात?" रंगरावांनी शांतपणे विचारलं.

"हे काय, बाबांना."

"तिथं कुनी न्हाई. आमचा थोरला, उद्धवचा बाप, लढाईवर गेला. बारा वरसं वाट बघितली. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी दिला. धावा-तेरावा झाला, जमीन आमच्या नावावर चढली, वैनीनं कुकू पुसलं. अग्नी दिलेलं मानूस माघारी येत न्हाई."

हे सांगताना त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. दाराआडून मोकळ्या कपाळाची एक बाई आली. तिने खाटेच्या पायाशी भाकरीचं ताट ठेवलं, न बघता, आणि उलट पावली आत गेली. त्या माणसाने ताट ओढून घेतलं. भाकरी मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कोंडाजीने गुडघ्याने ज्योतीरामला ढोसलं. सगळे थांबले होते. बिघडलेली थट्टा सावरायची एकच वाट असते: हसू आपल्याच अंगावर घ्यायचं.

"माझं असंच हाय," तो म्हणाला. "रिकामी खाट दिसली तरी गप बसवत न्हाई."

सगळे हसले. आतल्या बायकाही. खाटेवरचा माणूस हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला, आणि ज्योतीरामला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. सुपारी फुटली.

परतताना एस्टीत कोंडाजी रस्ताभर खुशीत बोलत होता. घर ऐसपैस आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. ज्योतीरामने खाटेचं नाव काढलं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत कांद्याच्या भावाबद्दल बोलू लागला.

दिवेलागणीला घरी पोचले. सोजराने दोघांना पाणी दिलं. तिला या चुलत्यानेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती ओट्यावर त्याच्याजवळ टेकली.

"तात्या, त्या घरात कोन कोन हाय?"

ज्योतीरामने थट्टेसाठी तोंड उघडलं. थट्टा आली नाही.

"चुलतसासरा हाय. सासू हाय," तो म्हणाला. "आनि सासरा हाय. जिता हाय, पोरी. घरातलं कुनी त्याच्याशी बोलत न्हाई. तू जाशील तर आधी त्याला रामराम घाल. न्हाई जमलं, तर जाऊ नगं."

सोजरा बापाकडे वळली. कोंडाजीने तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि ओट्यावरून नजर अशी फिरवली की ती मुलीवर थांबली, भावावर थांबली नाही.

"सोजरे, आत ये आन् दाराला कडी घाल," तो म्हणाला. "ज्योतीराम चाकणहून आलाच न्हाई. मी एकलाच आलोय."