चार खुणांचा कागद

विशाखाने कागद भिंतीवर चिकटवला आणि आईला दोनदा वाचून दाखवला. विशाखा नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स होती. सुटी संपली होती. नवरा हैदराबादेत. नऊ महिन्यांचा, आठ किलोचा मुलगा आदर्श तापलेला. त्याला हिमायतनगरला आईवडिलांकडे ठेवून जाण्यावाचून इलाज नव्हता.

कागदावर ठळक अक्षरं होती. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. तापाच्या सिरपचे पाच मिली, सिरिंजनेच. ताप असेल तरच. दोन डोसांत किमान सहा तास, दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त नाही. डोस दिला की खूण. दोन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा लेकराने दूध सोडलं, तर लगेच दवाखाना.

"माय, बाबाच औषध देतील. तू नुसतं अंग पूस," विशाखा म्हणाली.

आईला, भामाबाईला, वाचता येत नव्हतं. तिचा नवरा व्यंकटी शाळेत शिपाई होता, नुकताच रिटायर झालेला. घड्याळात बाराला पाच मिनिटं असली तरी तो थांबायचा. डोस दिला की पेनाने खूण करायचा आणि चष्मा काढून ठेवायचा.

पण ताप चार तासांत परत चढायचा. लेकरू कण्हायचं, नाक गळायचं, छाती घरघरायची.

"अजून थोडं द्या की," भामाबाई म्हणाली.

"न्हाई. कागदावर सहा तास हायेत."

मग दुपारी व्यंकटी दळण आणायला गेला तशी ती चौकातल्या मेडिकलवर गेली. "लेकराला लई सर्दी हाय," एवढंच सांगितलं. दुकानदाराने लाल सिरपची बाटली दिली. "चमचाभर द्या, तीनदा." किती वयाचं लेकरू, हे त्याने विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. हे काही तापाचं औषध नव्हे, सर्दीचं हाय, तेव्हा कागदाशी त्याचा संबंध न्हाई, असं तिला खरंच वाटलं. नवरा उगाच बोलेल म्हणून बाटली तिनं पिठाच्या डब्यामागे ठेवली. पोह्याच्या चमच्यानं ती दोन दिवस पाजत राहिली. लेकरू शांत झोपायचं. तिला बरंच वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आदर्शने दूध ओकलं. परत पाजलं, परत ओकलं. डोळे उघडेनात. व्यंकटीने कागद वाचला, विशाखाला फोन लावला आणि शेजाऱ्याच्या गाडीतून थेट नांदेड गाठलं.

विशाखाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी, व्यंकटीने भिंतीवरून काढून आणलेला कागद पाहिला. खुणा मोजल्या. "डोस वजनाच्या हिशोबाने बरोबर आहे. वेळाही बरोबर. दुसरं काही दिलंत?"

"न्हाई साहेब. कागदाबाहेर थेंब न्हाई," व्यंकटी म्हणाला. त्याचा आवाज ठाम होता.

बाटली भामाबाईच्या पिशवीत होती. घरातून निघताना तिनंच ती उचलली होती, का ते तिलाही कळलं नव्हतं. विशाखा लेकराच्या पायाशी उभी होती. आता बोललं तर लेक कायमची तुटेल. न बोललं तर?

"साहेब," ती म्हणाली, "म्या दिलं. सर्दीचं."

तिनं बाटली टेबलावर ठेवली. तळाला बोटभरही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"यातही तेच तापाचं औषध आहे. शिवाय चार वर्षांखाली देऊ नका, असं लिहिलंय. किती चमचे? केवढा चमचा?"

तिनं बोटांनी चमचा दाखवला. कधी दिला, किती वेळा, सगळं सांगितलं. कागदावरच्या चार खुणा आणि हा चमचा मिळून रोजचा डोस दुपटीच्या वर गेला होता. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "रक्त घ्या, लिव्हरची तपासणी लावा. रिपोर्टची वाट बघू नका, उतारा सलाईनमधून आत्ताच सुरू करा."

व्यंकटी बायकोकडे बघत राहिला.

विशाखा बोलली, पण आईशी नाही. भिंतीकडे तोंड करून. "दुसरं कोणतंच औषध देऊ नका, हे मी लिहिलंच नाही. रोज पेशंटच्या माणसांना सांगते मी."

लिव्हरचे आकडे दोन दिवस चढत राहिले. लेकराचे डोळे पिवळे पडले. भामाबाई वॉर्डाबाहेर फरशीवर बसून राहिली, कुणी चहा दिला तरी घेतला नाही. तिसऱ्या दिवशी आकडे थांबले, चौथ्याला उतरू लागले. डॉक्टर म्हणाले, "आजींनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचलं." ते ऐकून तिला जास्तच रडू आलं.

आठवड्याने आदर्श घरी जायला निघाला, पण हिमायतनगरला नाही. विशाखाने बिनपगारी रजा टाकली.

"विशाखा, मी येऊ का गं सोबत?"

"नको माय." ती शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

विशाखाची रिक्षा वळेपर्यंत भामाबाई उभी राहिली. व्यंकटी एसटीच्या थांब्याकडे निघून गेला होता, एकटाच. तीही मागोमाग गेली, चार पावलं अंतर ठेवून.