रस्त्याकडच्या दोन खोल्यांचा ताबा

गुरुदास मास्तरांनी घर मुलाच्या नावावर केलं, तेव्हा त्यातून कोर्टकचेरी निघेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जामसंड्यातल्या शाळेत उभं आयुष्य काढलेला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता अनिश पुण्यात नोकरीला. आपल्यामागे पोराला खेटे नकोत म्हणून त्यांनी देवगडला जाऊन रीतसर बक्षीसपत्र नोंदवलं आणि येताना पेढे घेऊन आले. त्यातले दोन कावेरीला दिले.

कावेरी म्हणजे त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत मसाल्याची गिरणी चालवणारी बाई. नवरा आंब्याच्या बागांत कामाला, सासर आतल्या गावात. तीन वर्षांपूर्वी तिने या खोल्या मागितल्या, तेव्हा मास्तरांनी आधी नाहीच म्हटलं होतं. मिरचीचा खकाणा आणि यंत्राचा आवाज म्हातारपणी कोणाला हवा? पण ती दुसऱ्यांदा आली तेव्हा तिची अदबीने बोलण्याची रीत, समोरच्याचं ऐकून घेण्याची तऱ्हा त्यांना आवडली, आणि त्यांनी होकार दिला. त्यानंतर दुपारी यंत्र बंद असलं की त्यांनाच चुकल्यासारखं व्हायचं. तिच्या पाकिटांवरची नावं ते आपल्या वळणदार अक्षरात लिहून द्यायचे. ती त्यांना भाजणी द्यायची आणि थालीपीठ करपवू नका म्हणून बजावायची.

कागद झाला होता तो पाच वर्षांचा, नोंदणीकृत. देवगडच्या टायपिस्टाने त्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असं ठळक टाईप केलं होतं. तो सगळ्यांचेच कागद तसे करायचा. भाडेपट्टा म्हटलं की लोक बिचकतात, भाडेकरू कायमचा बसेल म्हणून. त्यामुळे कागदात होतं ते असं: ताबा मालकाचाच राहील, दुसरी चावी मालकाकडे राहील, मालक कधीही आत येऊ शकेल. मास्तरांनी सही करताना ते वाचलं आणि विसरून गेले.

अनिशला त्या खोल्या हव्या होत्या. तारकर्ली-तोंडवलीकडे लोकांनी पर्यटकांसाठी खोल्या काढून जम बसवलेला त्याने पाहिला होता. आता देवगडकडेही माणसं वळायला लागली होती. रस्त्याकडच्या खोल्या नीट केल्या की नोकरी सोडून गावी येता येईल, बाबांजवळ राहता येईल, असं त्याच्या मनात होतं. यात वाईट काही नव्हतं, आणि मास्तरांना ते ऐकून गलबलूनही आलं होतं. त्याने कावेरीला नोटीस पाठवली: मूळ मालकाने घर दुसऱ्याला दिलं, त्यामुळे त्याने दिलेली परवानगी संपली, नव्या मालकावर ती बंधनकारक नाही, जागा सोडावी.

कावेरी ती नोटीस घेऊन मास्तरांच्या ओटीवर येऊन बसली.

“मास्तरानू, माझी दोन वर्सा बाकी आसत ना?”

मास्तरांनी चष्मा लावून नोटीस वाचली. तिने तीन फेजची वीज स्वतःच्या नावाने घेतली होती, यंत्र बसवलं होतं, उन्हाळ्यातल्या मिरचीची बोलणी झाली होती. तिने जागा सोडली नाही. अनिशने देवगडच्या कोर्टात दावा लावला.

अनिशचे वकील विश्वेश हे मास्तरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी मास्तरांना ऑफिसात बोलावून सगळं समजावलं.

“गुरुजी, सगळी केस एका गोष्टीवर आहे,” ते म्हणाले. “तुम्ही तिला जागेचा हक्क दिलात, की नुसती वापरायची परवानगी दिलीत? परवानगी असेल तर ती तुमच्यापुरती. घर अनिशकडे गेलं, ती संपली. पण भाडेपट्टा असेल तर तिचा त्या जागेत हक्क तयार झाला, आणि तो घराबरोबर अनिशकडे येतो. मग मुदत संपेपर्यंत त्याला थांबावं लागेल.”

“कागदावर तर परवानगी लिहिलीय.”

“कागदाचं नाव कोर्ट बघतं, पण तेवढंच बघत नाही. ताबा खरोखर कोणाचा होता ते बघतं. तारकर्लीला आपण उतरतो तेव्हा खोलीची चावी आपल्याकडे असते. पण मालकाची माणसं झाडायला येतात, चादरी बदलतात, खोली त्यांच्याच हाताखाली असते. म्हणून आपण पाहुणे, भाडेकरू नव्हे. आणि समजा तुम्ही भाच्याला मायेपोटी खोली दिलीत, तिथे तो एकटाच राहिला, तरी तो भाडेकरू होत नाही. पण धंद्यासाठी मोबदला घेऊन परक्या माणसाला जागा दिली, आणि तो मालकालासुद्धा बाहेर ठेवू शकत असेल, तर कागदावर काहीही लिहा, कोर्ट त्याला बहुतेक भाडेपट्टाच म्हणतं. म्हणून तुम्ही एवढंच सांगायचं, की जागा तुमच्या ताब्यात होती आणि तुम्ही हवं तेव्हा आत जाऊ शकत होतात.”

मास्तर मान हलवत घरी आले. पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. दुसऱ्या चावीचा विचार करत राहिले. ती कुठे होती? खाऱ्या हवेने पहिलं कुलूप गंजलं, तेव्हा कावेरीने नवीन आणलं. त्याची चावी त्यांनी मागितली नव्हती, आणि ती द्यावी असं तिलाही सुचलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

साक्षीच्या दिवशी मास्तर रस्त्यावर रिक्षा बघत उभे होते. तेवढ्यात कावेरीही छत्री घेऊन आली. एकाच रिक्षातून दोघं देवगडला गेली. वाटेत केसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तिने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, त्यांनी तिच्या सासूची. कोर्टाच्या दारात विश्वेश उभे होते. वादीचा साक्षीदार आणि प्रतिवादी एका रिक्षातून उतरताना पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

मास्तरांच्या प्रतिज्ञापत्रात कागदातली कलमंच होती. त्यावर कावेरीच्या वकील अनुजा उलटतपासणीला उभ्या राहिल्या. तरुण, शांत बोलणारी मुलगी. कुलूप बदललं का? हो. नवीन चावी तुमच्याकडे आहे का? नाही. विजेचा मीटर कोणाच्या नावावर? कावेरीच्या. तुमचं काही सामान त्या खोल्यांत? नाही. गिरणीच्या धंद्यात तुमचा काही भाग? मुळीच नाही. दर महिन्याला भाडं मिळतं का? मिळतं.

“गेल्या गणपतीच्या आधी तुम्ही दोन पाहुण्यांना जागा दाखवायला घेऊन गेला होतात. कावेरीबाईंनी तुम्हाला आत घेतलं नाही. हे खरं?”

मास्तरांनी एकदा अनिशकडे पाहिलं. तो मागच्या बाकावर बसला होता. “खरं आहे,” ते म्हणाले.

दुपारची वेळ होती ती. पुण्याहून अनिशचे दोन मित्र आले होते, खोल्या कशा आहेत ते बघायला. मास्तर त्यांना घेऊन दारात गेले. कावेरीने अर्धं दार उघडलं. आत जमिनीवर भाजलेला मसाला पसरलेला होता. “मास्तरानू, आज नको हां. सगळा पसरलला आसा, लोकांचे पाय पडतीत. उद्या येवा,” असं म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.

विश्वेश फेरतपासणीला उठले. त्यांचा चेहरा अजून खुललेला होता. कारण मास्तरांचा स्वभाव त्यांना ठाऊक होता आणि उत्तर काय येणार हेही ठाऊक असल्यासारखं त्यांना वाटत होतं. सौजन्य म्हणून परतलो, असं मास्तर म्हणणार. सौजन्याने कोणाचा हक्क तयार होत नाही.

“गुरुजी, तुम्ही तेव्हा परत का फिरलात?”

मास्तरांनी ते दार, तो मसाल्याचा वास आणि दारात थबकलेले आपण, असं सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आणलं.

“मी आधी सौजन्य म्हणणार होतो,” ते म्हणाले. “पण तसं नव्हतं. खोली माझ्या ताब्यात असती, तर मला राग आला असता. माझ्याच घरात मला नको म्हणते, असं वाटलं असतं. मला राग आला नाही. मला लाज वाटली. दुसऱ्याच्या दारात न विचारता माणसं घेऊन आलो म्हणून.”

न्यायाधीश मॅडमनी ते उत्तर शब्दशः उतरवून घ्यायला सांगितलं. विश्वेश खाली बसले.

पुढे कावेरीची साक्ष झाली, युक्तिवाद झाले आणि काही आठवड्यांनी निकाल आला. मॅडमनी लिहिलं की कागदाला लायसन्स म्हटल्याने तो लायसन्स ठरत नाही. मालकाने आत येण्याचं कलम कागदावरच राहिलं, चावी त्याच्याकडे नव्हती, धंद्यात त्याचा हात नव्हता. कावेरी मालकालाही दारातून परत पाठवू शकत होती, आणि मालकालाही ते तिचं दार वाटत होतं. नुसत्या एकट्याच्या ताब्यावरून दर वेळी भाडेपट्टा ठरतोच असं नाही. नातं, माया, नोकरी यांपोटी जागा दिली असेल तर गोष्ट वेगळी. इथे तसं काही नव्हतं. हा व्यवहार भाडेपट्ट्याचाच होता. बक्षीसपत्राने तो संपला नाही. अनिश वडिलांच्या जागी मालक म्हणून आला एवढंच, आणि उरलेली मुदत त्याला पाळावी लागेल. दावा फेटाळला.

अनिशने तीन-चार आठवडे फोन केला नाही. मास्तर रोज संध्याकाळी फोन उशाशी ठेवत आणि तो वाजला नाही की स्वतःशीच म्हणत, कामात असेल. मग आंब्याच्या दिवसांत एका सकाळी तो गाडीतून उतरला. चहा घेताना त्यानेच विषय काढला.

“बाबा, आठवत नाय म्हणाला असतात तर चालला असता.”

“आठवत होता रे,” मास्तर म्हणाले. “आणि इतकी वर्सा पोरांका काय शिकवलंय मी?”

अनिश हसला नाही, पण चिडलाही नाही. वकिलांनी अपील करूया म्हटलं होतं, पण त्याने नको म्हणून सांगितलं होतं. चहा संपवून तो उठला आणि गिरणीकडे गेला. यंत्र बंद होईपर्यंत बाहेर उभा राहिला. मास्तर ओटीवरून बघत होते. दोघं दारातच बरंच बोलली. कावेरीने मध्येच, कोर्टाच्या दारातल्या विश्वेशांसारखा, हात कपाळाला लावून काहीतरी सांगितलं आणि अनिश पहिल्यांदा मोकळा हसला.

परत आल्यावर त्याने सांगितलं ते असं. कावेरीची स्वतःची जागा सासरच्या गावी रस्त्याला लागून आहे. मुदत संपायच्या आत तिथे शेड बांधायचा तिचा विचार आधीपासूनच होता. मुदत संपली की ती जाणार. तोवर अनिशने मागच्या बाजूच्या तीन खोल्या नीट करून पाहुणे घ्यावेत, न्याहारीचं ती बघेल, असं तिनेच सुचवलं होतं. अनिशला ते पटलं होतं. जून उलटला की नोकरीचा राजीनामा द्यायचं त्याने ठरवलं होतं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मुलगा घरी येणार म्हणून त्यांना झालेला आनंद सांगता येईना. आणि मुदत संपली की पलीकडचं यंत्र कायमचं बंद होणार, हेही त्यांच्या मनात त्याच क्षणी आलं. त्यांनी अनिशला ते सांगितलं नाही. उठून आत गेले, शेजारच्या राजापुऱ्यांच्या बागेतला पिकलेला हापूस आणला, त्याच्या तीन फोडी केल्या. एक अनिशला दिली, एक स्वतः घेतली, आणि तिसरी वाटीत झाकून अनिशच्या हाती दिली.

“ही तिका नेऊन दी,” ते म्हणाले. “पुढची मिरची दळूक घालूच्या आधी.”